सगळं केलं, पण नेमकं काय केलं?

‘स्टार्टअपमध्ये विक्री, भरती आणि ऑपरेशन्स या तिन्ही जबाबदाऱ्या सांभाळल्या.’ पंधरा-वीस माणसांच्या कंपनीत दोन-अडीच वर्षं राबलेल्या माणसाच्या रेझ्युमेत हे वाक्य हमखास सापडतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. सकाळी गिऱ्हाइकाकडे डेमो, दुपारी दोन मुलाखती, संध्याकाळी कुरिअरवाल्याशी भांडण, हा त्याचा रोजचा दिवस असतो. पण वाक्य वाचणाऱ्याच्या मनात काय येतं? एक ना धड, भाराभर चिंध्या.

वाचणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्याकडे एक जागा असते आणि त्या जागेचं एकच नाव असतं: रिजनल सेल्स मॅनेजर, ऑपरेशन्स लीड, असं काहीतरी. त्याला ठरवायचं असतं इतकंच, की हा माणूस त्या जागेवर बसेल का. तीन कामं एकाच वजनाने मांडली, की त्याच्या हिशेबात प्रत्येकाच्या वाट्याला एक तृतीयांश अनुभव येतो. अडीच वर्षांची दहा महिने विक्री होते. मग शेजारच्या ढिगात अडीच वर्षं फक्त विक्रीच केलेला कोणीतरी असतोच.

या वागण्याचा समाजशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. एझ्रा झुकरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली चित्रपटांतल्या नटांच्या कामांवर एक निबंध प्रसिद्ध केला. नवख्या नटाने एकाच प्रकारच्या चित्रपटांत कामं केलेली असतील, तर त्याला पुढचं काम मिळणं सोपं जातं. कामं विखुरलेली असतील, तर निवडणाऱ्याला त्याची ओळखच पटत नाही. नट नावारूपाला आल्यावर मात्र हा फायदा ओसरतो. आपल्याला जास्त उपयोगी पडेल असा दुसरा अभ्यास मिंग ल्युंग यांचा, २०१४ सालचा. तो इलान्स या ऑनलाइन बाजारातल्या फ्रीलान्सरांवर होता. नेहमी तेच काम करणाऱ्यांपेक्षा आणि कुठूनही कुठेही उड्या मारणाऱ्यांपेक्षा, एका कामावरून त्याच्या जवळच्या कामाकडे थोडं थोडं सरकत गेलेल्यांना काम देणारे जास्त पसंत करत होते, असं त्यात दिसलं. म्हणजे किती प्रकारची कामं केली याच्या बरोबरीने ती कोणत्या क्रमाने केली हेही वाचणारा पाहतो. पहिल्या कामातून दुसरं निघालेलं दिसलं, तर विविधता खपून जाते, कधी कधी आवडतेसुद्धा.

स्टार्टअपमधल्या हरकाम्या माणसाचं दुखणं हेच, की त्याच्या कामांना क्रम असतो, पण रेझ्युमेत तो हरवतो. विक्री, भरती, ऑपरेशन्स असे तीन मथळे पडतात आणि त्यांच्यामधलं ‘म्हणून’ गळून जातं. ते ‘म्हणून’ परत कसं मिळवायचं, हे एक उदाहरण सविस्तर घेतलं तरच कळेल.

समजा, पुण्यातली एक छोटी कंपनी आहे. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान कारखान्यांना ती हजेरीची यंत्रं आणि पगाराचं सॉफ्टवेअर विकते. कारखान्याच्या गेटवर यंत्र बसतं, कामगार बोट किंवा चेहरा दाखवतो, महिनाअखेरीस ओव्हरटाइमसकट पगारपत्रक तयार होतं. एका ऑर्डरची किंमत १ लाख २० हजार रुपये. निम्मे पैसे ऑर्डरबरोबर, निम्मे यंत्र बसून पहिलं पगारपत्रक बरोबर निघाल्यावर. या कंपनीत एक मुलगी विक्रीसाठी लागते. हुद्दा ‘असोसिएट’, जो स्टार्टअपमध्ये कोणालाही देतात.

पहिले सहा महिने तिने विक्रीच केली. महिन्याला साधारण तीस कारखान्यांत डेमो, त्यातून सहा ऑर्डर, म्हणजे पाचांत एक. पण यंत्रं बसवणारे तंत्रज्ञ होते दोन. ते जोडीने जात आणि महिन्याला चार कारखाने उरकत. सहा ऑर्डर येतात, चार बसतात, दर महिन्याला दोन मागे पडतात. पाच महिन्यांत दहा ऑर्डर तुंबल्या. प्रत्येकीचे साठ हजार अडकलेले, म्हणजे सहा लाख रुपये. छोट्या कंपनीला एवढ्या रकमेत एखाद-दुसऱ्या महिन्याचे पगार निघतात. शिवाय नव्या गिऱ्हाइकाला अडीच महिने थांबावं लागणार होतं, आणि विक्रीच्या वेळी त्याला ‘दहा-पंधरा दिवसांत बसवून देतो’ असं सांगितलेलं असायचं. सांगणारी अर्थात तीच.

मग फाउंडर तिला म्हणाला, “गिऱ्हाइकांचे फोन तुलाच येतात ना, मग बसवायचं कामही तूच जरा बघशील का?” स्टार्टअपमध्ये खाती अशीच वाढतात. नवा हुद्दा, नवं पत्र, वाढीव पगार यांपैकी काही नाही. ‘जरा बघशील का’ एवढंच.

तिने बघितलं, तेव्हा लक्षात आलं की माणसं कमी आहेत. एका कन्सल्टन्सीकडून चौघे घेतले, त्यांतले तिघे दोन महिन्यांत सोडून गेले. जाहिरातीत ‘टेक सपोर्ट’ लिहिलं होतं, त्यामुळे आलेली मुलं खुर्चीत बसून फोन घ्यायच्या तयारीने आली होती. प्रत्यक्षात काम होतं शिडीवर चढून केबल ओढण्याचं, भिंतीला ड्रिल मारण्याचं आणि स्वतःची मोटारसायकल घेऊन चाकणपर्यंत जाण्याचं. तिने जाहिरात बदलली, कामाचं वर्णन जसंच्या तसं लिहिलं, आयटीआयमधून वायरमन आणि इलेक्ट्रिशियन झालेली मुलं बोलावली, आणि पक्कं करण्याआधी प्रत्येकाला अर्धा दिवस पैसे देऊन एका कारखान्यात नेलं. या पद्धतीने घेतलेल्या चौघांपैकी तिघे वर्षभरानंतरही टिकून होते. आता सहा तंत्रज्ञ झाले, म्हणजे तीन जोड्या, म्हणजे महिन्याला बारा कारखान्यांची क्षमता. ऑर्डरी वाढून आठवर गेल्या, तरी दर महिन्याला तुंबलेल्यांपैकी चार निकाली निघू लागल्या. थोडक्या महिन्यांत गिऱ्हाइकाची वाट पाहण्याची मुदत दोन आठवड्यांवर आली. त्यातच तिने नियम घातला की बसवण्याची तारीख विक्रीवाल्याने सांगायची नाही, जोडणीच्या वेळापत्रकावरून सांगायची. स्वतःच्याच जुन्या सवयीला घातलेला हा लगाम होता.

दोन वर्षांनी ती नवी नोकरी शोधायला बसते आणि रेझ्युमेत लिहिते: ‘बी-टू-बी विक्री. तंत्रज्ञांची भरती. ऑपरेशन्सचं व्यवस्थापन. गिऱ्हाइकांशी समन्वय. वसुली. फाउंडरला विविध कामांत साहाय्य.’ वर सांगितलेल्या गोष्टीतलं सगळं यात आहे आणि काहीच नाही. सहा लाख नाहीत, अडीच महिने नाहीत, शिडी नाही. मुख्य म्हणजे विक्री केली म्हणून जोडणीत पडावं लागलं आणि जोडणी रखडली म्हणून भरती शिकावी लागली, हा धागा नाही.

तिचं खरं काम एका ओळीत मावतं: ऑर्डर मिळाल्यापासून पूर्ण पैसे हातात येईपर्यंतचा रस्ता मोकळा ठेवणं. मोठ्या कंपन्यांत हाच रस्ता चार खात्यांत विभागलेला असतो. ‘ऑर्डर टू कॅश’ म्हटलं की तिथल्या कोणत्याही मॅनेजरला तो समजतो. स्टार्टअपमधल्या माणसाने स्वतःला विचारायचा प्रश्न असा: कंपनीची कोणती अडचण माझ्यामागे लागली होती, किंवा मी कोणत्या अडचणीच्या मागे लागले होते? खाती बदलतात, अडचण बहुधा एकच असते. कुठे ती पैसे अडकण्याची असते, कुठे गिऱ्हाईक तीन महिन्यांत सोडून जाण्याची, कुठे नव्या शहरात दुकान उभं करण्याची. नव्या शहरात पाय रोवायला पाठवलेल्या माणसाने विक्री, भरती आणि ऑपरेशन्स तिन्ही केली, तर कोणीच त्याला विस्कळीत म्हणत नाही, कारण ‘नागपूरची शाखा सुरू केली’ या चार शब्दांत तिन्ही कामं आपोआप बसतात.

अडचण सापडली, की मग कणा निवडायचा. तिन्हींपैकी एकच काम पुढे उभं करायचं आणि बाकीची दोन त्याच्या मागे, कारण किंवा परिणाम म्हणून. कोणतं पुढे आणायचं, हे अर्ज कुठे करतोय त्यावरून ठरतं. इथे बरेच प्रामाणिक लोक अडखळतात. त्यांना वाटतं, एका जागेसाठी विक्री पुढे आणि दुसऱ्या जागेसाठी ऑपरेशन्स पुढे, ही लबाडी झाली. घटना त्याच, आकडे तेच आणि प्रत्येक वाक्याला जुना सहकारी मान डोलावेल, तर क्रम बदलण्यात लबाडी कसली?

विक्रीच्या जागेसाठी या मुलीच्या त्या नोकरीचा मजकूर असा होईल (रेझ्युमे इंग्रजीतच जाईल, आपण अर्थ पाहू): ‘लहान आणि मध्यम कारखान्यांना हजेरी-पगार यंत्रणेची थेट विक्री. महिन्याला साधारण ३० डेमो, ६ ऑर्डर. सरासरी ऑर्डर १.२ लाख, निर्णय घेणारा बहुधा मालक स्वतः. जोडणी रखडल्याने ऑर्डरची निम्मी रक्कम अडकत होती, म्हणून जोडणीचं काम हाती घेऊन गिऱ्हाइकाची प्रतीक्षा अडीच महिन्यांवरून दोन आठवड्यांवर आणली. त्या काळात मासिक ऑर्डर ६ वरून ८ झाल्या.’ भरतीचा इथे उल्लेखही नाही, आणि ते योग्य आहे. मुलाखतीत प्रतीक्षा कशी कमी केली असं विचारतीलच. भरतीची गोष्ट तेव्हा सांगायची, आणि तेव्हा ती विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून येईल.

ऑपरेशन्सच्या जागेसाठी सुरुवात उलट टोकाकडून: ‘जोडणीची क्षमता महिन्याला ४ कारखान्यांवरून १२ वर नेली. तुंबलेल्या १० ऑर्डर निकाली काढल्या, त्यात अडकलेले सुमारे ६ लाख मोकळे केले. तंत्रज्ञांची निवडपद्धत बदलली. नव्या पद्धतीने घेतलेल्या चौघांपैकी तिघे वर्षानंतरही कामावर. त्याआधी सहा महिने याच गिऱ्हाइकांना थेट विक्री.’ शेवटची ओळ लहान आहे, पण मोलाची. ऑपरेशन्सवाला आणि विक्रीवाला यांच्यात सगळीकडे तारखांवरून वाद असतात. हिने दोन्ही बाजूंनी ती तारीख भोगली आहे.

आणि एचआरच्या जागेसाठी? माझं मत असं, की इथे हात आखडता घ्यावा. एकूण आठ माणसं घेतली, तीही एकाच प्रकारच्या कामासाठी, आणि पहिल्या चारपैकी तिघे गेले. भरतीच्या पूर्णवेळ नोकरीला एवढा अनुभव तोकडा पडतो. तिला खरोखर त्याच वाटेने जायचं असेल तर जावं, पण एक पायरी खाली उतरून, आणि रेझ्युमेत ‘टॅलेंट अॅक्विझिशन लीड’ वगैरे न लिहिता. तीनही कामांत आपण सारखेच खोल गेलो आहोत हा समज बहुधा खोटा असतो. एक खोल, एक बऱ्यापैकी, एक वरवरचं अशी वाटणी असते, आणि ती स्वतःशी कबूल केली की लिहिणं निम्मं सोपं होतं.

ही खोली मोजायला क्रियापदं उपयोगी पडतात. ‘सांभाळलं’, ‘पाहिलं’, ‘हाताळलं’ या शब्दांमागे काहीही लपतं, म्हणून ते टाळावेत. त्याऐवजी तीन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्यात: मी ठरवलं, मी केलं, मी मदत केली. वरच्या उदाहरणात तारखेचा नियम तिने ठरवला. डेमो आणि मुलाखती तिने केल्या. किमती ठरवण्यात तिने फाउंडरला मदत केली. तिन्ही पायऱ्यांवरची वाक्यं एकाच रेझ्युमेत आली, की वाचणाऱ्याचा विश्वास वाढतो. प्रत्येक ओळीत ‘नेतृत्व केलं’ लिहिणाऱ्याचं नेतृत्व कोणीच खरं मानत नाही.

मथळ्याचाही थोडा विचार लागतो. नोकरीच्या संकेतस्थळांवर आणि लिंक्डइनवर नावाखाली एक ओळ असते. तिथे ‘सेल्स | एचआर | ऑपरेशन्स | ग्रोथ | स्ट्रॅटेजी’ अशा उभ्या दांड्यांची रांग लावायची फॅशन आहे. भरती करणारे लोक हुद्दा आणि कौशल्याचे शब्द टाकून शोधतात, तेव्हा सगळे शब्द असले तर आपण सगळीकडे सापडू, असा हिशेब त्यामागे असतो. सापडतो खरे, पण उघडून पाहणाऱ्याला पहिल्या ओळीतच गोंधळ दिसतो. ‘कारखान्यांना बी-टू-बी विक्री, ऑर्डरपासून वसुलीपर्यंत’ या ओळीत शोधायचे शब्दही आहेत आणि एक माणूसही दिसतो. बाकीचे शब्द खाली, कामाच्या वर्णनात आपसूक येतात.

अलीकडे काही कंपन्यांत या जातीच्या कामाला ‘फाउंडर्स ऑफिस’, ‘बिझनेस ऑपरेशन्स’ किंवा ‘चीफ ऑफ स्टाफ’ अशी नावं मिळाली आहेत. दुसऱ्या स्टार्टअपमध्ये अशाच जागेसाठी अर्ज असेल, तर तिन्ही कामं दाखवायला हरकत नाही. तिथे तेच हवं असतं. मात्र तिथेही यादी चालत नाही. तिथला फाउंडर पाहतो तो हा, की अडचण कुठे आहे हे या माणसाला कोणी सांगावं लागलं की त्याचं त्याला दिसलं. म्हणून गोष्ट काळाच्या क्रमाने सांगावी: आधी विक्री, मग तुंबलेल्या ऑर्डरी, मग माणसं. ल्युंग यांच्या अभ्यासातलं जवळच्या कामाकडे सरकणं ते हेच.

मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला: “तुम्ही तिथे नक्की काय करत होतात?” याला दीड-दोन मिनिटांपेक्षा लांब उत्तर देऊ नये, आणि ‘तसं सगळंच’ या शब्दांनी तर मुळीच सुरुवात करू नये. आपल्या उदाहरणातली मुलगी विक्रीच्या जागेसाठी असं सांगू शकते: “मी कारखान्यांना हजेरीची यंत्रं विकत होते. पहिल्या सहा महिन्यांत महिन्याला सहा ऑर्डर आणत होते, पण आम्ही बसवू शकत होतो फक्त चार. निम्मे पैसे बसवल्यावर मिळायचे, त्यामुळे मी जितकं विकत होते तितके पैसे अडकत होते. म्हणून मी जोडणीचं काम घेतलं, त्यासाठी तंत्रज्ञ नेमले, आणि वाट पाहण्याची मुदत दोन आठवड्यांवर आणली. त्यानंतर विकणं सोपं झालं, कारण दिलेली तारीख पाळली जात होती. आता मला पुन्हा पूर्णवेळ विक्री करायची आहे, आणि मोठ्या ऑर्डरींची.” तिन्ही कामं यात आली, पण ऐकणाऱ्याला आठवणार विक्रीच. शेवटचं वाक्य विसरू नये. पुढे काय करायचंय हे स्वतःहून सांगितलं नाही, तर ‘याला नेमकं हवंय काय’ ही शंका शेवटपर्यंत खोलीत राहते.

पुढचे प्रश्न खोली तपासणारे असतात. विक्रीबद्दल: पाचांत एक ऑर्डर मिळायची, उरलेले चार का नाही म्हणायचे? टार्गेट होतं का, कोणी दिलं होतं? भरतीबद्दल: एका माणसासाठी किती जणांना भेटलात, माणसं कुठून आणलीत, किती टिकली? ऑपरेशन्सबद्दल: कोणता आकडा रोज पाहत होतात आणि तो कोण लिहून ठेवत होतं? या प्रश्नांची उत्तरं अंदाजाने देता येत नाहीत; दुसऱ्या उपप्रश्नाला गाडी अडते. जे काम खरंच हाताने केलं आहे त्याच्या उत्तरात नेहमी एखादी अनपेक्षित बारीक गोष्ट येते. नाही म्हणणाऱ्या चारांपैकी दोघांचा आक्षेप किमतीला नव्हता. ओव्हरटाइमची खरी नोंद कागदावर येईल याला होता, असं तिने सांगितलं की समोरचा पुढे सरसावून बसतो. आणि गेलेल्या तिघांची गोष्ट लपवू नये. आधीची पद्धत का फसली हे सांगता आलं, तर नंतरची पद्धत नशिबाने जमली नाही हे सिद्ध होतं.

एक अवघड प्रश्नही येतो: “मग तुमचा वेळ कसा विभागला होता?” तीसन-तीस-चाळीस असं टक्क्यांचं उत्तर ऐकायला नीटस वाटतं, पण ते कोणालाच खरं वाटत नाही, कारण असे दिवस कधीच नसतात. टप्प्यांत सांगावं: पहिले सहा महिने जवळजवळ सगळी विक्री, पुढचे काही महिने मुख्यतः माणसं आणि जोडणी, शेवटच्या वर्षात विक्रीत परत आणि जोडणीवर आठवड्यातून एकदा नजर. एखादं काम आपण कोणाकडे सोपवून बाजूला झालो, हेही यातून कळतं. हरकाम्या माणसाबद्दलची सगळ्यात मोठी भीती अशी, की तो काहीच सोडत नाही, आणि तो गेला की सगळंच बंद पडतं.

आकडे कसे द्यावेत, याला मर्यादा आहेत. बऱ्याच कंपन्यांच्या करारात गोपनीयतेचं कलम असतं. गिऱ्हाइकांची नावं, एकूण विक्री, नफा हे लिहू नये. समोरची कंपनी प्रतिस्पर्धी असेल तर मुळीच नाही. ‘दुप्पट’, ‘तिप्पट’, ‘अडीच महिन्यांवरून दोन आठवडे’ अशी प्रमाणं बहुतेक वेळा पुरतात आणि त्यातून कंपनीचं गुपित फुटत नाही. दुसरी मर्यादा श्रेयाची. ऑर्डरी सहावरून आठवर गेल्या, त्याच सुमारास कंपनीने जाहिरात वाढवली असेल, तर ‘माझ्यामुळे वाढल्या’ म्हणू नये. ‘त्या काळात’ हा शब्दप्रयोग प्रामाणिक आहे आणि पुरेसा आहे.

काही नोकऱ्यांत असा धागा नसतोच, हेही खरं. फाउंडरचं लक्ष दर महिन्याला बदलत होतं, आज गुंतवणूकदारांचं सादरीकरण, उद्या ऑफिसची जागा, परवा इन्स्टाग्राम, आणि आपण त्यामागे धावत होतो. तिथे ओढूनताणून एक कहाणी रचली, तर मुलाखतीत ती उसवते. अशा वेळी वर्ष-दीड वर्षातलं एकच काम निवडावं, ज्याला सुरुवात आणि शेवट होता, ते नीट लिहावं आणि बाकीचं एका ओळीत गुंडाळावं. त्या नोकरीला रेझ्युमेत कमी जागा मिळेल, मिळू दे.

एक चूक मात्र महागात पडते: हुद्दा बदलून लिहिणं. ‘असोसिएट’ ऐवजी ‘हेड ऑफ सेल्स’, किंवा एकाच कंपनीत एकाच काळात तीन हुद्दे तीन वेगळ्या नोकऱ्यांसारखे. नवी कंपनी पार्श्वभूमी तपासते तेव्हा हुद्दा आणि तारखा जुन्या कंपनीच्या पत्राशी ताडून पाहते. फरक आढळला, तर दिलेली ऑफरही मागे घेतली जाऊ शकते. पत्रातला हुद्दा आहे तसा लिहावा आणि त्याच्या शेजारी कामाचं स्वरूप चार शब्दांत द्यावं: ‘असोसिएट, कारखाना विक्री आणि जोडणी’. मधल्या काळात खरीखुरी बढती मिळाली असेल, तरच दोन हुद्दे वेगळ्या तारखांसह.

छोट्या कंपनीत या कागदांचा प्रश्न आणखी नाजूक असतो. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना लागू होतो. नऊ-दहा जणांच्या स्टार्टअपमध्ये तुमची पीएफमध्ये नोंदच नसेल, तर तिथे काम केल्याचा पुरावा म्हणून उरतात ते ऑफर लेटर, पगार जमा झाल्याच्या बँकेतल्या नोंदी, टीडीएस कापला असेल तर फॉर्म १६, आणि अनुभवाचं पत्र. स्टार्टअप बंद पडतात, फाउंडर दुसरीकडे जातात, एचआरचा मेल बंद होतो. म्हणून राजीनामा दिल्यावर, नोटीस पिरियड चालू असतानाच, अनुभवाच्या पत्राचा मसुदा आपणच तयार करून फाउंडरला पाठवावा. त्यात हुद्दा, दोन तारखा आणि टप्प्यांनुसार तीन वाक्यं असावीत: अमुक महिन्यापासून विक्री, अमुक महिन्यापासून जोडणीची जबाबदारी आणि त्यासाठी तंत्रज्ञांची निवड, अमुक महिन्यापासून दोन्हींची देखरेख. बहुतेक फाउंडर एखादा शब्द बदलून सही करतात, कारण कोरं पत्र लिहिण्यापेक्षा ते त्यांनाही सोपं जातं. कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह घ्यावं, आणि कंपनीच्या मेलवर आलेली त्याची प्रत शेवटच्या दिवसाआधी स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवावी.